पहिली वाटी शेजारच्यांना

"काय गो, आला काय कोणाचा फोन?"

त्या भाद्रपदात माझ्या नवऱ्याची सकाळ ह्या प्रश्नाने सुरू व्हायची. चहा नंतर, तोंड धुणं नंतर, आधी हा प्रश्न. मी ओट्याशी नारळ खवत असायचे, मोबाईल शेजारी पालथा ठेवलेला. पालथा अशासाठी, की सुलटा ठेवला तर माझे डोळे सारखे तिकडेच जायचे आणि एकदा तर खवणीवर बोटच गेलं. "आला की सांगते हो," म्हणायचे मी. रोज तेच उत्तर. मग तो मागच्या दारी जाऊन बसायचा.

आमचं घर मालगुंडात, गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. घरामागे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. राहायला खोली, जेवायला घरचं, सकाळी घावणे, संध्याकाळी समुद्र. सुरुवातीला सगळं मी एकटीने केलं, कारण नवरा लग्नाआधीपासून मुंबईत कंपनीत. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात यायचा, तेवढाच काय तो संसार. मी मोबाईलवर खोल्यांच्या नावाचं एक खातं उघडलं, त्यावर छोटे व्हिडिओ टाकायला लागले, ज्यांना रील म्हणतात ते. आणि बाई गं, चालायला लागलं की! गेल्या उन्हाळ्यात तर खोल्या रिकाम्या राहीनात. कुठल्या कुठल्या गावची माणसं फोन करायची, "तुमचं ते रील बघितलं."

ते बघून नवरा म्हणाला, आता पुरे झाली मुंबई. एकदम राजीनामा द्यायचं धाडस त्याला झालं नाही, तो तसा सावध माणूस. बिनपगारी लांब रजा टाकून आला. साहेब भला माणूस होता, तो म्हणाला, दिवाळीच्या आधी हो की नाही ते कळव, तोवर तुझी जागा राखून ठेवतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीला खोल्या भरल्या तर माझा नवरा घरी राहणार होता, नाही भरल्या तर बॅग घेऊन परत जाणार होता. लग्नानंतर पहिल्यांदा तो पावसाळाभर घरात होता. रात्री भांडी आवरताना कुणाशी तरी बोलता येत होतं. ते सगळं मला सोडवेना, खरं सांगते.

आणि नेमका तेव्हाच खात्याचा रीच पडला. रीच म्हणजे आपलं टाकलेलं किती माणसांना दिसलं तो आकडा. हळूहळू उतरला असता तर समजले असते, पण हा धाडकन पडला. आदल्या आठवड्यात जे रील गावभर फिरायचं, तसलंच पुढच्या आठवड्यात आमच्याच नातेवाईकांना दिसून थांबायला लागलं. माझी मावशी, माझी नणंद, नवऱ्याचे कंपनीतले दोघं. ह्यांना काय खोली भाड्याने द्यायची?

मग काय, जो भेटेल तो वैद्य. आमच्या इथल्या खोल्यावाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यात मी रडगाणं गायले, तर सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणे हॅशटॅग वाढव. मी रीलखाली शेपटासारखे हॅशटॅग लावले. कोणी म्हणे पैसे भरून जाहिरात चालव. तीही चालवली. जाहिरात होती तोवर आकडा वर, जाहिरात संपली की पुन्हा तळाला. कोणी म्हणे टाकलेलं काढून पुन्हा टाक, तसंही केलं. एकाने एका अ‍ॅपचं नाव दिलं, ते म्हणे आपोआप लोकांना लाईक करतं, मग लोक आपल्याकडे येतात. मी मेली त्यातही पासवर्ड घालून मोकळी झाले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. नवऱ्याचं निदान वेगळंच. "तुझा मोबाईल जुना झाला. नवीन घेऊया."

"अहो, मोबाईल जुना झाला म्हणून पुण्यातल्या माणसाला आपलं रील दिसत नाही होय?" मी कडाडले. मग मलाच वाईट वाटलं, कारण त्याला तरी काय कळत होतं, आणि मला तरी काय कळत होतं.

शेवटी मी कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन केला. ती रत्नागिरीत हॉटेलवाल्यांची, दुकानदारांची खाती सांभाळते, तोच तिचा धंदा. आधीच का केला नाही? तर लाज. कॉलेजात मी तिला अकाउंट्स शिकवलं होतं, आता तिच्यापुढे जाऊन माझं बुडालंय म्हणून कसं सांगू, असं वाटत होतं. ती म्हणाली, "फोनवर नको. मोबाईल घेऊन ये, आणि त्या अ‍ॅपवाल्याला हात लावू नकोस आता."

नवरा म्हणाला मी पण येतंय. मी म्हटलं तुमचं काय काम तिथे. तर म्हणे, "माझ्या नोकरीचा निकाल लागायचाय, मी नको?" स्कूटरवर मागे बसले. आरे-वारेच्या चढावर त्याने सवयीने गाडी हळू केली. खाली दोन्ही किनारे, वर रस्त्याच्या कडेला मोबाईल उंच धरून उभी असलेली माणसं. सगळी एकाच जागी उभी, एकाच बाजूला तोंड करून. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

मैत्रिणीचं ऑफिस म्हणजे स्टेशनरीच्या दुकानावरची एक खोली. तिने आम्हाला पाणी दिलं आणि विचारपूस सुरू केली, अगदी डॉक्टर ताप कधीपासून आहे विचारतात तशी. "कधी पडला? सगळ्याचा पडला की फक्त रीलचा? फोटोंचा? स्टोरीचा? त्या सुमाराला काय काय बदललंस? नाव बदललंस? खात्याचा प्रकार बदललास?"

"पाऊस होता गं तेव्हा," मी म्हटलं. "पावसात कोण येतंय कोकणात?"

"थांब. ते आधी बाजूला काढू." तिने मागच्या वर्षीचे त्याच महिन्यांचे आकडे काढले. मागच्या वर्षीही पाऊस होताच, पण आकडा थोडा उतरून परत सावरला होता. ह्या वर्षी उतरून तिथेच बसला होता. "म्हणजे हंगाम नाही. हंगामाने एवढं होत नाही."

मग तिने एकेक रील उघडून त्याच्या पोटातली माहिती दाखवली. ही माहिती माझ्या मोबाईलात होती आणि मी कधी नीट बघितली नव्हती. प्रत्येक रील कोणाला दिसलं ह्याचे दोन वाटे असतात. एक वाटा आपल्याला फॉलो करणाऱ्यांचा, दुसरा अनोळखी लोकांचा. उन्हाळ्यातल्या रीलमध्ये जवळजवळ सगळा घास अनोळखी लोकांचा होता. आताच्या रीलमध्ये अनोळखी म्हणून कोणी नाहीच. फॉलो करणाऱ्यांचा वाटा मात्र होता तेवढाच होता.

"बघ," ती म्हणाली. "तुझी माणसं तुझ्यावर रुसलेली नाहीत. ती बघतायत. तुला नवीन माणसांपुढे नेणंच थांबलंय. आता का थांबलं ते बघू." तिने सेटिंगमध्ये आत, अजून आत, असं जाऊन एक पान उघडलं. खात्याची स्थिती असं काहीसं त्याचं नाव. तिथे पिवळी खूण होती. खाली लिहिलेलं होतं, की तुमचं खातं सध्या फॉलो न करणाऱ्यांना सुचवलं जाणार नाही. कारण, दुसऱ्यांचा मजकूर पुन्हा पुन्हा टाकलेला आहे. आणि त्याखाली त्या रीलांची माळच्या माळ.

माझ्या कानशिलात कोणी दिली असती तरी एवढं लागलं नसतं. "दुसऱ्यांचा? मी चोरी केली?"

"चोरी कुठे म्हटलंय. उसनं म्हटलंय." ती माळ खाली सरकवत गेली. आरे-वारेचा वरून घेतलेला व्हिडिओ. सूर्यास्त. डॉल्फिन. पहाटेची देवळाची घंटा. "हे तू काढलेलेस?"

नाही. हे आमच्या ग्रुपातले. आमच्याकडे पहिल्यापासून अशीच रीत आहे. माझ्या खोल्या भरल्या की आलेला पाहुणा मी शेजारी पाठवते, शेजाऱ्यांच्या भरल्या की ते माझ्याकडे पाठवतात. गाद्या कमी पडल्या की गाद्या, गॅस संपला की सिलिंडर, इकडून तिकडे जातं. तसेच व्हिडिओ. कोणाला चांगला मिळाला की ग्रुपात टाकायचा, मग सगळे आपापल्या खात्यावर टाकणार. त्यात वावगं काय आहे, असं आम्हाला कधी वाटलंच नाही. आरे-वारेचा तो वरून घेतलेला व्हिडिओ तर मूळ कोणाचा, हे ग्रुपातल्या एकालाही सांगता आलं नसतं. चढावर एकाच बाजूला तोंड करून उभी असलेली ती माणसं मला आता आठवली. पावसात नवीन काही काढायला मिळेना म्हणून मी त्या महिन्यात उसनेच टाकले होते, एकामागून एक.

नवरा इतका वेळ खुर्चीच्या टोकावर बसला होता. तो म्हणाला, "पण सगळेच टाकतात की. आपल्यावरच का?"

"सगळ्यांचा पडला असणार, भाऊजी. फक्त त्यांचा मुळात एवढा चढला नव्हता, म्हणून त्यांना पडलेला कळत नाही."

आणि तेवढ्यात मला त्या माळेत एक दिसलं आणि मी किंचाळलेच. "अगं हा माझा आहे! ह्या आमसुलांचा! माझ्या हाताने काढलाय, त्यात माझ्या बांगड्या वाजतायत!"

तिने तो बघितला, मग तारखा बघितल्या. "तू हा आधी कुठे टाकलास?"

"ग्रुपात."

"आणि तुझ्या खात्यावर?"

"संध्याकाळी. कामं आटपल्यावर." आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या आईने मला जे शिकवलं, तिला तिच्या आईने शिकवलं, ते हेच, की घरात नवीन काही केलं की पहिली वाटी शेजारी जाते. मोदक करा, फणसाची भाजी करा, आपण चाखायच्या आधी शेजारी. मी व्हिडिओ केला आणि पहिली वाटी ग्रुपात पाठवली. दुपारपर्यंत तो चौघांच्या खात्यावर गेला होता. संध्याकाळी मी टाकला, तेव्हा माझ्याच घरातला, माझ्याच हाताचा व्हिडिओ पाचवा ठरला होता.

"मी छातीठोक सांगू शकत नाही," मैत्रीण म्हणाली, "आत काय चालतं ते कोणालाच पूर्ण माहीत नसतं. पण दिसतंय ते असं, की जो आधी टाकेल त्याचा मूळ. मशीनला तुझ्या बांगड्या कुठे ओळखू येतायत?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच आलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत. नवऱ्याने रुमाल पुढे केला. तो रुमाल मुंबईचा, कडक इस्त्रीचा. ते बघून अजूनच रडू आलं.

मग तिने पुढचं सांगितलं. उसने सगळे काढून टाक. जे खरोखर तुझे आहेत त्यांच्यावर फेरतपासणीची विनंती कर, तिथेच बटण आहे. त्या लाईकवाल्या अ‍ॅपची परवानगी काढ आणि पासवर्ड बदल, ते दुखणं वेगळंच वाढलं असतं. नवीन खातं उघडायचा मूर्खपणा करू नकोस, जुने फॉलोअर आणि जुने पाहुणे हीच पुंजी आहे. ह्यापुढे फक्त स्वतःचं, आणि आधी स्वतःच्या खात्यावर. आणि रील सुरू होताच लोक कुठे सोडून जातात ते बघत जा. माझे लोक म्हणे सुरुवातीलाच जात होते, कारण सुरुवातीला मी आमच्या पाटीवरच रेंगाळायचे. पाटीत कोणाला रस असतो, खोल्यांचा मालक सोडून?

"आणि सावरेल कधी?" नवऱ्याने विचारलं.

"शेवटचं उसनं टाकल्यापासून महिनाभर तरी धरा. हमी नाही. हमी देणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तोवर हातावर हात धरून बसू नकोस. जुन्या पाहुण्यांना एकेकाला मेसेज कर. त्याला रीच लागत नाही."

परत येताना मी स्कूटरवर मागे बसून दिवस मोजले. महिनाभर म्हणजे साहेबाला उत्तर द्यायची वेळ आणि महिना संपायची वेळ साधारण एकच येत होती. हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

घरी आल्यावर मी उसने व्हिडिओ काढायला बसले. एक काढला की मागच्या उन्हाळ्यातला एक दिवस पुसल्यासारखं वाटायचं. आमसुलांच्या व्हिडिओवर विनंतीचं बटण दाबलं. पलीकडे कोणी माणूस आहे की नाही, देव जाणे. "विनंती मिळाली" एवढं आलं आणि पुढे चिडीचूप.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. आमच्या कुंपणापलीकडे काकू राहतात. त्यांचे यजमान वारल्यावर त्यांनी एकटीने खोल्या चालवल्या. मी खोल्या बांधल्या तेव्हा माझा पहिला पाहुणा त्यांनीच पाठवलेला. त्यांचं तोंड फाटकं, पण मन खोबऱ्यासारखं. त्या दिवशी मी अळूवडीचा उंडा उकडून कापतानाचा व्हिडिओ काढत होते, तर कुंपणावरून त्यांनी बघितलंच.

"काय गो बाय, छान निघाला काय? पाठव हां माझ्यावर. माझं खातं मेलं उपाशी पडलाय."

"काकू, ह्या वेळी... आधी माझ्यावर टाकते. मग बघू."

"बघू म्हणजे?"

मी समजावायला गेले. मशीन, मूळ, पिवळी खूण. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा उतरत गेला. "म्हणजे आता व्हिडिओला पण तुझं-माझं होय? बरा हाय. मोठी झालीस." आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी कुंपणावरून वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी अळूवड्या पाठवल्या, तर वाटी धुऊन रिकामी परत आली. आमच्याकडे रिकामी वाटी परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मला एवढं लागलं की मी नवऱ्यावर ओरडले, "जळ्ळं मेलं ते खातं! माणसं तुटायला लागली त्याच्यापायी!"

तो म्हणाला, "मग सोडून देऊया?"

त्याने अगदी सहज विचारलं, पण मला कळलं तो काय विचारतोय. मी म्हटलं, "सोडायचं बिडायचं काही नाही. उठा. तुमचा व्हिडिओ काढायचाय."

झालं असं होतं, की मी पाहुण्यांचे जुने मेसेज चाळत होते, एकेकाला दिवाळीचं विचारायला. आणि त्यात एक प्रश्न सारखा सारखा दिसत होता, आरे-वारेला पोहता येईल का? त्याचं उत्तर नवऱ्याइतकं जीव तोडून कोणी देत नाही. लहानपणी त्याने तिथे माणूस ओढला गेलेला बघितलाय. पण कॅमेऱ्यापुढे उभा केला तर काय करावं ह्या माणसाने? एकदम मुंबईच्या साहेबासारखा, "नमस्कार मित्रांनो." मी म्हटलं, कोण मित्र? पुन्हा. तर पुन्हा नमस्कार मित्रांनो. आरे-वारेच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली आम्ही भांडलो. म्हणे, "माझी भाषा कशी वाटेल? कंपनीत मी बोललो की हसायचे." इतकी वर्षं मला त्याने हे सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात खाली वाळूत एक कुटुंब चपला काढून थेट लाटांकडे निघालं. नवरा सगळं विसरला. माझा कॅमेरा सुरूच होता. "नाय! अजिबात नाय! ओ भाऊ, पोराक घेऊन मागे फिरा. दिसतोय गरीब, पण खालून खेचतो. पाय भिजवा, फोटो काढा, गुडघ्याच्या पुढे नाय जायचा." मग ती माणसं मागे आल्यावर त्यांना वाळूवर बोटाने काढून दाखवलं, पाणी कुठून आत येतं आणि कुठून ओढ घेतं. मग पोहायचंच असेल तर लाइफगार्डला विचारल्याशिवाय कुठेच नाही, हेही. मी काही कापलं नाही, फक्त ती माणसं दिसतात तेवढं वगळलं. पाटी नाही, गाणं नाही. सुरुवातच "नाय! अजिबात नाय!" ह्याच्यापासून.

आधी माझ्या खात्यावर टाकलं. आणि ते बसलं तिथेच. मावशी, नणंद, कंपनीतले दोघं. दिवस गेले. मी आणखी टाकत राहिले, अळूवडी, स्टेशनवरून आमच्याकडे कसं यायचं ते, खोलीच्या खिडकीतून खरोखर किती समुद्र दिसतो ते. नेहमीचे बघत होते, पण हां, एक फरक मला दिसला. आता लोक शेवटपर्यंत थांबत होते. मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "हेच हवंय. दार उघडेल तेव्हा आत काहीतरी पाहिजे ना?" उघडेल तेव्हा. माझी झोप उडाली होती आणि ही म्हणते उघडेल तेव्हा.

तिनेच मग काकूंवरचा तोडगाही सांगितला. म्हणाली, एक व्हिडिओ दोन खात्यांचा मिळून टाकता येतो. तू टाकायचा, काकूंना आमंत्रण पाठवायचं, त्यांनी होकार दिला की तोच व्हिडिओ दोघींच्या खात्यावर दिसतो, नक्कल होत नाही. मी लगेच कुंपणाशी गेले. काकू वाल सोलत होत्या. मोबाईल त्यांच्यापुढे धरला, "काकू, इथे अंगठा टेका." त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं, मग टेकला. त्यांच्या खात्यावर माझा नवरा "अजिबात नाय" म्हणून ओरडायला लागला. त्या बघत राहिल्या. "म्हणजे टोप तुझाच, पण पान मला पण वाढलंस," म्हणाल्या. आणि त्या संध्याकाळी वालाच्या उसळीची वाटी आली.

पण साहेबाचाही फोन आला. नवरा अंगणात जाऊन बोलला. आत आला आणि माळ्यावरून बॅग काढली. म्हणाला, "सोमवारी कळवतो म्हटलंय. हो म्हणेन. तू रडू नकोस हां. शिमग्याला येतोच आहे." मी रडले नाही. इस्त्रीचे रुमाल काढून दिले. मनात म्हटलं, हा मेला समुद्रावर सगळ्यांना मागे फिरा म्हणून ओरडतो, ह्याला मागे फिर म्हणून कोण सांगणार?

रविवारी सकाळी सवयीने ते पान उघडलं. पिवळी खूण नव्हती. मी मोबाईल बंद करून पुन्हा उघडला. नव्हती. आमसुलांचा व्हिडिओही त्यांनी माझा म्हणून परत मान्य केला होता. मी कोणाला काही बोलले नाही, कारण खूण गेली म्हणजे पाहुणा आला असं नसतं. नवऱ्याला सांगून उगाच आशेला कशाला लावू? दुपारी बघितलं, तर त्याच्या व्हिडिओखालचा अनोळखी लोकांचा वाटा, जो इतके दिवस नव्हताच, तो दिसायला लागला होता. लोक तो एकमेकांना पाठवत होते. खाली कोणी लिहिलं होतं, आमचे आजोबा अस्सेच ओरडायचे.

फोन वाजला तेव्हा नवरा बॅगेची चेन ओढत होता. ती अडकली होती, आणि तो चेनला शिव्या घालत होता. पलीकडे एक बाई होती, डोंबिवलीची. दिवाळीत सगळं कुटुंब मिळून यायचं म्हणाली. किती माणसं ते ऐकून मी म्हटलं, आमच्या खोल्या पुरणार नाहीत, पण कुंपणापलीकडे काकू आहेत, तिथे सोय करते. ती हो म्हणाली.

"एक विचारू? ते व्हिडिओतले गृहस्थ... ते असतात ना तिथे? माझे वडील मूळचे तिकडचेच, आता तिथे आमचं कोणी राहिलेलं नाही. त्यांनी तो व्हिडिओ सकाळपासून किती वेळा लावलाय. म्हणतात, त्या माणसाशी बोलायला मिळणार असेल तरच येतो."

मी खोटं बोलले असते तरी चाललं असतं, पण ते उत्तर माझं नव्हतंच. मी मोबाईल स्पीकरवर टाकला आणि त्याच्यापुढे धरला. "ताई, परत विचारा तेवढं," म्हटलं.

तिने परत विचारलं. नवऱ्याचा हात चेनवर तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. मग घसा साफ केला, आणि मला वाटलं आता हा नमस्कार मित्रांनो म्हणतो की काय.

"आहे ना," तो म्हणाला. "बाबांना सांगा, हयसरच आहे. मी कुठे नाय जात."